कान्हा आणि ताडोब्याच्या मधे

आमचं हॉटेल नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटापासून दोन किलोमीटरवर आहे. आठ खोल्या, मधे आंबा, मागे आमचीच धानाची बांधी. नागझिऱ्याला वाघ बघायला येणारे नागपूरचे लोक शनिवारी येतात, रविवारी जातात. बाकीचे पाच दिवस मी आणि कवडू आंब्याखाली बसतो. कवडू आमचा स्वयंपाकी. त्याचं म्हणणं, इतका आराम सरकारी नोकरीतही नाही.

माझा मुलगा खुमेंद्र याला हा आराम बघवेना. त्याने ठरवलं की आंबा तोडायचा, लॉन करायचं आणि लग्नांना भाड्याने द्यायचं. गोंदियाचा पेंडॉलवाला चैतराम सोमवारी टेप घेऊन मोजायला येणार होता.

आमची सून योगेश्वरी लग्नाआधी नागपुरात टूरच्या ऑफिसात होती. हॉटेलची सगळी बुकिंगं तीच बघते. ती खुमेंद्रला म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबा. शुक्रवारी-शनिवारी नागपुरात पर्यटनाचा मेळा आहे. परदेशी पाहुणे आणणाऱ्या कंपन्या येऊन राहिल्या. मी टेबल घेतलं आहे."

"अन् कोणी नाही भेटलं तं?"

"तं चैतरामभाऊंना मीच टेप धरून देते."

खुमेंद्र हो म्हणाला. तो टेबलावर बसणार नव्हता, म्हणून मालक म्हणून मला जावं लागणार होतं. योगेश्वरीचं म्हणणं, खरेदीदाराला, म्हणजे खोल्या घेणाऱ्या कंपनीवाल्याला, मालक समोर दिसला पाहिजे. लहान हॉटेलाजवळ दाखवायला दुसरं असतंच काय.

तिने एका पुठ्ठ्यावर आठ मुद्दे लिहिले, मोठ्या अक्षरांत. नागपूर विमानतळापासून अडीच-तीन तास. आठ खोल्या, गरम पाणी, जनरेटर. सकाळच्या सफारीला जाणाऱ्यांना नाश्ता बांधून. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या सरकारी नोंदीचा सी-फॉर्म ऑनलाइन भरतो. ड्रायव्हर आणि गाइडला खोली फुकट. सफारीचं परमिट पासपोर्टच्या नंबरावर आधी काढावं लागतं, पावसाळ्यात गेट बंद. वाघाची हमी द्यायची नाही. आणि शेवटचा मुद्दा: आम्ही कान्हा आणि ताडोब्याच्या रस्त्यात आहोत.

"भाव कुठी हाय?" मी विचारलं.

"भाव त्यांनी विचारल्यावर. कंपनीचा भाव वेगळा असते, बाबूजी. येणाऱ्या पाहुण्याले जो सांगतो तो नाही सांगाचा. कागद देऊ, तुम्ही आकडा बोलू नोका."

बुधवारी आंब्याखाली तालीम झाली. कवडू खरेदीदार झाला. त्याने डोक्याला गमछा बांधला आणि पायावर पाय टाकून बसला.

मी म्हणालो, "या साहेब. गाव कोणतं?"

"जर्मनी."

"जर्मनीत कोणतं?"

योगेश्वरीने कपाळाला हात लावला. "बाबूजी, गाव कायले विचारता? बारा मिनिटं मिळतात. मंग घंटी वाजते अन् माणूस उठून जाते."

"गाव विचारल्याशिवाय माणसाशी बोलाचं कसं?"

हे तिलाही माहीत होतं. आम्ही पवार समाजाचे. दोन पवार कुठेही भेटले, बसस्टँडवर का असेना, की गाव कोणतं, कुर म्हणजे कूळ कोणतं, मामा कुठले, हे झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. माझ्या बापाने बैल विकत घेतानाही आधी विकणाऱ्याचा कुर विचारला होता.

कवडू म्हणाला, "मी जर्मनीचा असलो तरी मले मटण पायजे. तुमच्या मुद्द्यात मटण नाही."

मटण लिहिलं नाही. मी पुठ्ठा पाठ केला.

मेळ्याचा हॉल चांगला थंड होता. आपापल्या टेबलावर हॉटेलवाले बसलेले, आणि खरेदीदार घंटी झाली की पुढच्या टेबलावर. कोण कुणाला कधी भेटणार ते आधीच ठरलेलं. आमच्या डाव्या हाताला डोंगरातलं मोठं रिसॉर्ट होतं, त्यांच्या टेबलावर छोटा धबधबा चालत होता. आमच्या टेबलावर योगेश्वरीने भावाचे कागद, खोल्यांचे फोटो आणि एका वाटीत लाखोळीची डाळ ठेवली होती. डाळ कायले, मी विचारलं. रंग चांगला दिसते, म्हणाली.

पहिला दिल्लीचा एक गोरा, गोल माणूस. बसल्या बसल्या घड्याळ बघितलं.

"नमस्ते," मी म्हणालो. "आप कहाँ के?"

"दिल्ली."

"दिल्ली तो सब रहते हैं. मूल गाँव?"

"दिल्ली ही समझिए."

"दादाजी कहाँ के थे?"

त्याने घड्याळावरची नजर काढली. मग म्हणाला, "मुल्तान के." मग मुल्तानहून आजोबा कसे आले, करोलबागेत कापडाचं दुकान कसं घातलं, आत्याचं लग्न कसं झालं, हे सगळं निघालं. चांगला माणूस होता. घंटी वाजली तेव्हा उठताना म्हणाला, "बहुत अच्छा लगा. वैसे आपका होटल कहाँ है?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या टेबलावर गेला.

योगेश्वरीने पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी पुठ्ठ्याकडे बघितलं.

दुसरा हॉलंडचा. त्याच्याशी तिनेच इंग्रजीत बोलावं असं ठरलं. आठही मुद्दे तिने न थांबता सांगितले, फोटो दाखवले, भावाचा कागद दिला. एक शब्द चुकला नाही. त्याने मान हलवली, आभार मानले आणि कागद पिशवीत टाकला. पिशवीत असे पन्नासेक कागद आधीच होते.

"झालं ना बरोबर?" मी विचारलं.

"सगळं बरोबर झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

दुपारपर्यंत असेच सात गेले. काहींना मी गाव विचारलं, काहींना तिने मुद्दे सांगितले. जेवणाच्या सुट्टीत खुमेंद्रचा फोन आला. चैतराम विचारत होता, सोमवारी सकाळी येऊ की दुपारी.

"सकाळीच बोलवा," योगेश्वरी म्हणाली. फोन ठेवून तिने पाण्याची अख्खी बाटली संपवली.

जेवणानंतर दिल्लीच्याच एका कंपनीतल्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात लटकवलेला. इंग्लंड-फ्रान्सचे म्हातारे पाहुणे आणणारी कंपनी, आणि हॉटेलांशी करार करायचं काम त्यांच्याकडे. बसल्या आणि टेबलाखाली चप्पल काढून पाय मोकळे केले.

योगेश्वरीने माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "गाव नोका विचारू, बाबूजी. तुमच्या पाया पडते."

मी विचारलं नाही. पण तोंड उघडलंच. म्हणालो, "मॅडम, थके लग रहे हो. कहाँ से आ रहे हो?"

"मत पूछिए, अंकल. पिछले हफ्ते से रास्ते पर हूँ. कान्हा की सड़क देखने निकली थी, ताडोबा तक."

"एक ही दिन में?"

"एक ही दिन में. सात घंटे. मार्च में मेरे ग्रुप भी ऐसे ही गए थे. सत्तर-सत्तर साल के लोग. दो की कमर गई, एक ने लिखकर शिकायत की कि रास्ते में ढंग का बाथरूम तक नहीं मिला. पैसे वापस करने पड़े."

मी पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू कोरी होती. योगेश्वरीचा पेन घेतला आणि वरच्या कोपऱ्यात एक गोळा काढला, खालच्या कोपऱ्यात दुसरा. "ये कान्हा. ये ताडोबा. बीच में बालाघाट, फिर गोंदिया. और ये हम." मधे तिसरा गोळा केला. "कान्हा से चार घंटे. दोपहर का खाना हमारे यहाँ. शाम को तालाब. रात को सो जाओ. सुबह चाहो तो नागझिरा की सफारी, नहीं तो नाश्ता करके ताडोबा. वो भी चार घंटे."

मॅडमने चष्मा डोळ्यांवर घेतला.

योगेश्वरी माझ्या बाजूला ताठ झाली. आठवा मुद्दा पहिला झाला होता आणि बाकीचे सात आता मॅडमच विचारत होत्या.

"कमरे कितने?"

"आठ. छह में दो अलग पलंग लग जाते हैं," योगेश्वरी म्हणाली.

"मेरे ग्रुप बारह-चौदह के होते हैं. सात कमरे चाहिए, टूर लीडर का मिलाकर आठ. पूरा होटल हो गया."

"दो महीने पहले तक रोककर रखेंगे. उसके बाद आप छोड़ दो तो हम दूसरे को दे देंगे."

"सी-फॉर्म?"

"मैं खुद भरती हूँ. आने के दिन ही."

"बाघ?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"है जंगल में," मी म्हणालो. "मिलना न मिलना उसकी मर्जी. मैं वहीं पैदा हुआ, मुझे ग्यारह बार दिखा है. साठ साल में."

मॅडम हसल्या. "ठीक है. बाघ के लिए कान्हा है. ड्राइवर का कमरा?"

"है," योगेश्वरी म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली. उन्हाळी धानाची चाळीस पोती, छतापर्यंत. भाव वाढेल म्हणून खुमेंद्रने ठेवलेली. ड्रायव्हर पोत्यावर झोपला तरच झोपेल.

"है," मी म्हणालो, "पर अभी उसमें धान भरा है."

योगेश्वरीने टेबलाखाली माझा पाय दाबला. बराच जोरात.

"धान?" मॅडम म्हणाल्या.

"चालीस बोरे. आप देखने आओगे तब तक खाली मिलेगा."

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "आज सबने कहा, सब तैयार है." त्यांनी डायरी काढली. "देखे बिना मैं किसी को ग्रुप नहीं देती. बीस सितंबर को आऊँगी, कान्हा की तरफ से, गाड़ी में घड़ी लगाकर. चार घंटे मतलब चार घंटे. कमरे, बाथरूम, रसोई, ड्राइवर का कमरा, सब देखूँगी. ठीक लगा तो जनवरी से मार्च, पाँच ग्रुप, एक-एक रात. और एक बात. उन रातों में होटल में कोई शादी-ब्याह, डीजे नहीं. मेरे लोग नौ बजे सो जाते हैं."

योगेश्वरीने भावाचा कागद पुढे केला. घंटी वाजली. मॅडमनी चप्पल शोधली.

त्याच संध्याकाळी नागपुरातल्या आमच्या लॉजवरून योगेश्वरीने त्यांना मेल टाकला: भाव, तारखा, नकाशा, आणि वीस सप्टेंबरला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ, येते म्हणून.

सोमवारी चैतराम आला तेव्हा आंब्याखाली आमची तिघांची बैठक बसलेली होती. त्याने टेप काढली. खुमेंद्र माझ्याशी भांडत होता.

"बघायले येणार म्हणजे बुकिंग नाही, बाबूजी. नाही आवडलं तं?"

"तं एकवीस तारखेले मोज."

"लग्नाचे मुहूर्त एकवीस तारखेसाठी थांबत नाही."

"पाच रात्री मिळाल्या अन् पुढच्या वर्षी पंचवीस मिळाल्या तं?" योगेश्वरी म्हणाली. "मधे एक डीजे वाजला की पंचवीसही गेल्या. दोन्ही नाही जमत, एक सांगा."

खुमेंद्र बोटांवर काही मोजू लागला. चैतराम टेप हातात घेऊन कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. कवडूने त्याला चहा दिला.

"पाच गटांचे किती पाहुणे?" खुमेंद्रने विचारलं.

"साठ-सत्तर."

"अन् ड्रायव्हर?"

"पाच."

"अन् तुम्ही धानाचं सांगून बसले." तो माझ्याकडे बघत राहिला. "सरळ सांगून टाकलं, पोती हायेत म्हणून."

"होती म्हणून सांगितलं."

तो उठला. शर्ट काढून खाटेवर टाकला आणि ड्रायव्हरच्या खोलीचं कुलूप उघडलं. पहिलं पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला, घरच्या ओसरीकडे निघाला आणि जाता जाता चैतरामला म्हणाला, "भाऊ, टेप ठेवा बाजूले. दोघं लागलो तं दुपारपावेतो खाली होते."

चैतरामने उरलेला चहा संपवला, टेप गुंडाळून खिशात घातली आणि दुसऱ्या पोत्याला हात घातला.