निकाहनाम्यातली अट

उमरखेडात शगुफ्ताचा फिजिओथेरपीचा दवाखाना जोरात चालत होता. लग्नाच्या बैठकीत शाहिदची अम्मी कौतुकानं म्हणाली, "अमेरिकेत तं पोरगी याहून जास्त कमावंल!"

"नाही, अम्मी," शाहिद म्हणाला आणि सरळ शगुफ्ताकडे वळला. "माहा व्हिसा नोकरीचा, एच-वन-बी. तुमाले बायको म्हणून एच-फोर भेटंल. त्यावर शिकता येते, नोकरी-धंदा करता येत नाही. माह्या ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज मंजूर झाला, तं तुमाले तिथं वर्क परमिट मागता येईल. तो अर्ज अजून भरलाच नाही. कितीक वर्षं लागतीन, सांगता येत नाही."

"हे आत्ता काहून सांगून राह्यले?" शगुफ्ताचे अब्बा तडकले.

"मंग काय विमानतळावर सांगू, मामू?"

शगुफ्ताला राग आला होता, पण या माणसाचा नाही, त्या व्हिसाच्या नियमाचा. ती बैठकीला बोलावलेल्या काझीसाहेबांना म्हणाली, "निकाहनाम्यात अट लिहा. तो अर्ज मंजूर होईपर्यंत माहा दवाखाना इथंच चालंल. सुट्टीत ह्यायनंच इकडं यावं."

काझीसाहेबांनी शाहिदकडे पाहिलं.

"लिहा," शाहिद हसला. "निकाहाच्या दिवशी तीनदा म्हणायचंच हाये. हे आजच घ्या. कबूल."