सव्वीस अंशांची गल्ली

गेममधली जयू फूलवाली गल्लीतून चालली की तिचं तोंड फडफडायचं. क्षणात तिरकं, क्षणात सरळ उजवीकडे. माधव नगरमधल्या गेम बनवणाऱ्या त्या छोट्या स्टुडिओत खापर फुटलं ते ऋतावर, कारण जयूची आठ दिशांची आठ चित्रं तिने काढली होती.

"चित्रंच हलतायत यार," प्रोग्राम लिहिणारा अनय म्हणाला. "ती चालते तो कोन बघून मी फक्त आठातलं एक उचलतो."

ऋताने खाली-उजवीकडचं चित्र तीनदा काढलं. कमरेवरच्या टोपलीने जयू किंचित कलायची. सगळे 'डोलते' म्हणतात म्हणून तिसऱ्या वेळी तो बाकही काढून टाकला. जयूची पार बाहुली झाली, तरी फडफड तशीच. शेवटी मालक श्रीधरदादांनी तयार चित्रांचा संच विकत घेतला. "वाईट वाटून घेऊ नको बेटा," ते म्हणाले. वाईट तर वाटलंच. चार महिन्यांची मेहनत होती.

संच बसवला. विकतची बाई गल्लीत शिरली आणि तीही फडफडली!

ऋता ताडकन उठली. "अनय, कोन स्क्रीनवर छापून दाखव."

आकडे धावू लागले. सव्वीस, चोवीस, बावीस, पुन्हा पंचवीस. हातगाड्या चुकवताना वाट जराजरा हलत होती.

"तुझी हद्द कुठे आहे?"

"दर दिशेला पंचेचाळीस अंश. मधोमध दिशा, दोन्ही बाजूंना साडेबावीस. त्याखाली सरळ उजवीकडे, त्यावर तिरकं."

"मग बघ ना! जमिनीवर गल्ली बरोबर पंचेचाळीस अंशांत तिरकी आहे, पण स्क्रीनवर आपण उंची निम्मी दाबलीय. दोन चौकोन आडवं गेलं की एकच चौकोन खाली. म्हणून ती पंचेचाळीसची नाही, साडेसव्वीसची दिसते. हद्दीला अगदी खेटून. चार अंश हलली की पलीकडे. आणि तू मोजतोस दाबलेल्या चित्रावर."

अनयने कीबोर्ड पुढे ओढला. मग त्याने एकच ओळ बदलली: कोन काढण्याआधी खाली-वरची चाल दुप्पट करायची. गल्ली पंचेचाळीसवर आली. वाट हलली तरी कोन हद्दीपासून दूरच राहिला. बाई शांतपणे गल्ली पार करून गेली.

"एकदम सही," दादा म्हणाले. "आता तुझीच चित्रं परत लावू. ते तिसरं लाव, साफ आहे."

"तिसरं नाही," ऋता म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "ते मी तुमच्या भीतीने काढलंय."

तिने पहिलं चित्र शोधून लावलं. कमरेवर टोपली घेऊन, तेवढीच कललेली जयू गल्लीभर चालत गेली. अनय म्हणाला, "सॉरी, ऋता." तिने मान हलवली. तिचे डोळे जयूच्या टोपलीवर होते.