साहेबांच्या कोटात भोपळ्या

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आमची ही गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवते. त्यामुळे त्या दुपारी एक मुलगी कुत्र्याला घेऊन आमच्या फोटो स्टुडिओत शिरली आणि म्हणाली, "काका, याचं तोंड माझ्या सासऱ्यांच्या फोटोत बसवून द्याल का?" तेव्हा हिने काउंटरमागून मला नजरेनेच दटावलं. मी तरीही विचारलंच, "सासऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. आज त्यांचा साठावा वाढदिवस आहे. सात वाजता सगळे जमणारेत. भेटकार्ड करायचंय, गमतीचं."

मग तिने पाकिटातून फोटो काढला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. फोटो मीच काढलेला होता. दोन वर्षांपूर्वी वजनमापे खात्यातले एक निरीक्षक निवृत्त झाले, तेव्हाचा. शहरातल्या निम्म्या दुकानदारांना घाम फोडलेला माणूस. काळा कोट, टाय, नाकावर चष्मा, आणि चेहरा असा की समोरचा मुकाट्याने खिसे उलटे करून दाखवील. माझ्या कॅमेऱ्याची तिपाई अर्धं बोट कलती आहे, हेही त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं होतं. ती होतीही.

"यांना गंमत?" मी म्हणालो. "मुली, घरात टिकायचंय ना तुला?"

ती हसली नाही. कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "मला टिकायचंय, पण याला नाही टिकू देत. लग्नाला पाच महिने झाले. हा सहा वर्षं माझ्याजवळ आहे, म्हणून सोबत आणला. बाबा याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. कुत्रा माझ्या खोलीत येता कामा नये, हे एकच वाक्य. आता म्हणाले, वाढदिवस झाला की याला माहेरी पाठव. रविवारी माझा भाऊ येणारे न्यायला. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा ते याच्याकडे बघून हसले, तर मला बोलायला तोंड तरी मिळेल."

कुत्र्याचं नाव भोपळ्या. रंग तसाच. एक कान ताठ, दुसरा अर्ध्यातून मोडून पडलेला, आणि तोंड हे एवढं लांब. ही काउंटरवरून उठून आली आणि त्याच्या पुढ्यात बसकण मारली. झालं, म्हटलं, आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मुलीने मोबाईलवर स्वतःच एक प्रयत्न करून पाहिला होता. चेहऱ्यांची अदलाबदल करणारं ॲप. त्याने भोपळ्याचे डोळे, नाक आणि तोंड कापून साहेबांच्या गालांच्या मधोमध चिकटवले होते. साहेब कुठल्याशा दुर्धर आजारातून उठल्यासारखे दिसत होते. हिने बघून मान फिरवली.

"हे माणसामाणसांत चालतं," मी म्हणालो. "माणसाचं तोंड ताटासारखं. डोळे, नाक, ओठ सगळं जवळपास एका पातळीत. याचं तोंड पुढे निघालंय. ताटात नळकांडं कसं मावणार?"

पण मी तरी कुठे शहाणा होतो. तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून हाताला एकच वळण पडलंय, आधी डोळ्यांच्या रेषेवर डोळे आणायचे. तिच्या मोबाईलमधला भोपळ्याचा एक फोटो घेतला आणि त्याचे दोन डोळे ताणून साहेबांच्या दोन डोळ्यांवर बसवले. नाक थेट टायच्या गाठीवर गेलं. मग नाक जागेवर येईपर्यंत डोकं लहान केलं. डोळे दोन मिऱ्यांएवढे झाले आणि मागून साहेबांचे गाल बाहेर डोकावू लागले. मी चिडलो. संगणकावर चिडलो, मग हिच्यावर, मग चहा गार झाला म्हणून चहावर.

"डोळे सोडून द्या ना," ही म्हणाली. "मला तरी कोटावर अख्खं डोकंच बघायला आवडेल."

बावीस वर्षांच्या संसारात असं अनेकदा झालंय. मी डोकं खाजवत बसतो आणि ही जाता जाता बोलून जाते. मला एकदम हुरूप आला. तोंडात तोंड बसवायचंच नाही. साहेबांचं डोकं कॉलरपर्यंत पुसायचं, मागचा पडदा भरून काढायचा, हनुवटीने झाकलेला कॉलरचा भाग रंगवून काढायचा आणि वर भोपळ्याचं अख्खं डोकं ठेवायचं, कानांसकट. माप डोळ्यांचं घ्यायचं नाही, डोक्याच्या रुंदीचं घ्यायचं. कुत्र्याची मान पुढे झुकलेली आणि माणसाची सरळ, तेव्हा सांधा दिसणार. तो झाकायला मानेचे केस कॉलरवर सांडू द्यायचे.

"पण मोबाईलमधला फोटो चालणार नाही," मी म्हणालो. "तू उभी राहून, वरून आणि अगदी जवळून काढलायस. नाक बटाट्याएवढं झालंय. चल, याला आत घे."

आतल्या खोलीत भोपळ्याला स्टुलावर बसवलं. मी लांबची लेन्स लावली आणि पार भिंतीला टेकलो. लांबून काढलं की पुढे आलेलं तोंड फुगत नाही. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. साहेबांच्या फोटोत चेहरा डावीकडे वळलेला आणि उजेडही डावीकडून पडलेला. मी दिवा तसाच लावला. पण भोपळ्या डावीकडे बघेना. दार उजवीकडे, त्याचं सगळं लक्ष दाराकडे. बिस्कीट दाखवलं, चेंडू दाखवला, मी स्वतः डावीकडे उभा राहून म्याँव केलं. ही हसून हसून खाली बसली. भोपळ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

शेवटी मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा आले हं, भोपळ्या."

तो ताडकन सावरून बसला. ताठ कान आणखी ताठ, डोळे दारावर खिळलेले, तोंड घट्ट मिटलेलं. बिचारा घाबरतोय, असं मला वाटलं. मी दिवा उचलून उजवीकडे नेला आणि धडाधड आठ फोटो घेतले.

चेहरा उजवीकडे, उजेडही उजवीकडून. म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा केला की दोन्ही गोष्टी एका फटक्यात जुळणार. माणसाचा फोटो मी कधीच उलटा करत नाही. भांग दुसऱ्या बाजूला जातो, गालावरचा तीळ जागा बदलतो, आणि माणूस दुकानात येऊन भांडतो. पण कुत्र्याला कुठला भांग? मी बिनदिक्कत उलटा केला आणि कामाला लागलो.

आता हात सुटला. डोकं खांद्यांवर बसलं. मानेवरून खांद्याकडे जाणारी रेषा जुळली. मानेचे केस एकेक करून कॉलरवर काढले. लांब तोंडाची सावली शर्टावर पाडली, कारण सावलीशिवाय डोकं हवेत तरंगतं. राहिला चष्मा. साहेबांचा चष्मा मी मघाशीच वेगळा कापून ठेवला होता. तो भोपळ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला तर दांड्या कुठे अडकवणार? कान पार वर. दांड्या केसांत दडवल्या, पण मग मधला पूल बसेना. डोळ्यांमधे कुत्र्याचं नाक फार रुंद. मी चष्मा पुढे ढकलला, आणखी खाली, जिथे नाकाचा दांडा अरुंद होतो तिथपर्यंत. पुढे आला म्हणून किंचित मोठा केला.

तिथे तो नीट टेकला, आणि भोपळ्या चष्म्यावरून बघू लागला.

मुलीने तोंडावर हात ठेवला. "हे बाबा आहेत," ती म्हणाली. "काका, अगदी हेच. मी दूध सांडलं की असंच बघतात." तिच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं आणि मलाही आनंदाने काही सुचेना. वजनमापे खातं कोट घालून समोर बसलं होतं. मी तिला घरी पिटाळलं, कारण तिला तयारी करायची होती. कार्ड मी घेऊन येतो म्हणालो. खरं तर मला साहेबांचं तोंड बघायचं होतं. पण हसण्याऐवजी ते भडकले, तर भोपळ्याची पाठवणी रविवारच्या आधीच व्हायची.

जाड कागदावर छापलं, घडीची रेघ पाडली, कडा कापल्या. आत मजकूर एवढाच, "घराच्या राखणदाराला साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा." सात वाजायला दहा मिनिटं असताना मी आणि ही त्यांच्या दारात.

बैठकीत दहा-बाराजण होते. साहेब मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या सदऱ्यात. भोपळ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे बांधलेला. मुलीने माझ्याकडून पाकीट घेतलं, सासऱ्यांच्या पाया पडली आणि ते त्यांच्या हातात दिलं. नवरा तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

साहेबांनी कार्ड बाहेर काढलं. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कार्ड दिव्याखाली धरलं, चष्मा नाकावरून खाली सरकवला आणि वरून बघितलं. आता तर तो फोटोच खुर्चीत बसला होता. मी ओठ चावून जमिनीकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो.

"चुकलंय."

मुलीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "साहेब, गमतीचं आहे, मुलीने प्रेमाने..."

"गमतीचं मला कळतं. कोट बरोबर आहे, चष्मा बरोबर आहे. कान चुकलाय." त्यांनी कार्डावर बोट टेकवलं. "पडतो तो याचा उजवा कान. तुम्ही डावा पाडलाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उलटा केलेला फोटो. तीस वर्षांत पहिल्यांदा पकडलं मला, तेही एका कुत्र्याच्या कानाने.

"डाव्याला काही झालेलं नाही," साहेब तावातावाने सांगू लागले. "डावा नेहमी ताठ असतो. उजव्याच्या मुळाशी गाठ आहे बारीकशी, तिथे रोज सकाळी खाजवलं की मग कुठे हा..."

ते थांबले.

"रोज सकाळी?" सासूबाई म्हणाल्या. "कुठे?"

साहेबांनी कार्ड उघडून आतला मजकूर वाचायला घेतला.

"सहा वाजता तुमच्या खोलीचं दार लागलेलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणते, हे एवढ्या पहाटे दार लावून वाचतात तरी काय."

आधी त्यांचा मुलगा हसला. मग मी, मग आमची ही, आणि मग खोलीत जो हशा उठला त्यात उंबऱ्यापलीकडून भोपळ्याही भुंकायला लागला. मुलगी मात्र हसत नव्हती. ती सासऱ्यांकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा, मग माहेरी पाठव का म्हणालात?"

"पाच महिने कुत्रा नको म्हणत आलो, त्याच भरात तेही बोलून गेलो," साहेब कार्डाकडे बघत हळूच म्हणाले. "आता मागे कसं फिरायचं, ते कळेना."

त्यांनी कार्ड मिटून सदऱ्याच्या खिशात घातलं. मग चष्म्यावरून सुनेकडे बघत म्हणाले, "रविवारी भावाला येऊ दे. पोटभर जेवेल आणि एकटा परत जाईल."