गेटवर उभा आहे

टॅक्सी स्टँडवर सगळे त्याला 'आलोच' म्हणत. बायकोच्या फोनमध्येसुद्धा त्याचा नंबर याच नावाखाली होता. लग्नाच्या दिवशी घरातून पाऊल बाहेर टाकण्याआधीच त्याने 'दारात आहे' असा निरोप पाठवला होता, आणि सासरे बिचारे दारात उभे राहून राहून पाय सुजवून बसले होते, ही गोष्ट ते अजूनही येईल त्याला सांगतात.

पण आलोच खोटारडा होता म्हणाल तर त्याला ते मुळीच पटणार नाही. त्याच्या मते हे धंद्याचं शास्त्र होतं. प्रवासी 'निघालोच' म्हणतो तेव्हा तो डोक्याला साबण लावत असतो. लिफ्ट, चपला, विसरलेला चष्मा, परत लिफ्ट, हे सगळं उरकेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर ड्रायव्हरने काय गाडीत माश्या मारायच्या? म्हणून ड्रायव्हरने घरातूनच 'गेटवर उभा आहे' म्हणायचं. दोघेही थाप मारतात, दोघेही उशिरा येतात आणि दोघेही एकाच वेळी गेटवर भेटतात. इतक्या वर्षांत या हिशेबाने त्याला कधी दगा दिला नव्हता.

दगा दिला तो एका परदेशी बाईने, आणि तोही नेमका अशा वेळी की ज्या वेळी देऊ नये.

त्याचा साडू एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर मुख्य होता. साडू हा नात्यातला असा माणूस, की त्याची भरभराट आपल्याला आपल्याच बायकोच्या तोंडून ऐकावी लागते. 'ताईंच्या ह्यांनी' फ्रीज घेतला, 'ताईंच्या ह्यांना' बढती मिळाली. आता त्याच ताईंच्या ह्यांनी आलोचसाठी मालकांकडे शब्द टाकला होता. हॉटेलला पाहुण्यांसाठी कायमची एक गाडी हवी होती. काम लागलं असतं तर स्टँडवर दिवसभर रांगेत ताटकळणं संपलं असतं.

"एक परदेशी पाहुणी आहे, कारखान्यातली यंत्रं तपासायला आलीय," साडूने बजावलं. "दोन दिवस सकाळी तिला कारखान्यात न्यायचं. तिची तक्रार आली नाही तर काम तुझं. माझी लाज राख."

"तू काळजीच सोड," आलोच म्हणाला. साडूला खरी काळजी तिथूनच लागली.

पहिल्या सकाळी आलोचने एका पायात मोजा घातला, दुसरा शोधता शोधता फोन उचलला आणि सवयीने निरोप धाडला. तो मराठीत लिही, फोन त्याचं तिच्या भाषेत भाषांतर करी आणि तिचं उत्तर शुद्ध मराठीत येई.

'गेटवर उभा आहे मॅडम.'

मोजा सापडायच्या आत उत्तर आलं.

'नमस्कार. मीही गेटवर उभी आहे. निळा कोट. आपली गाडी दिसत नाही.'

आलोच मोजा हातात धरून तसाच बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"बाई गेटवर आहे."

"मग बरंच झालं की."

"अगं, खरोखरच आहे गेटवर!"

असं त्याच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. शहाण्या माणसाने इथे 'माफ करा, निघतोय' एवढं लिहून विषय संपवला असता. पण एक थाप झाकायला दुसरी लागते, आणि आलोचकडे त्यांची टंचाई नव्हती.

'मी मागच्या गेटवर आहे मॅडम. पुढे गर्दी आहे.'

'ठीक आहे. मागे येते.'

तो जिन्यावरून धावत सुटला. बुटाची नाडी गाडीत बसल्यावर बांधली. पहिल्याच सिग्नलला अडकला, तेवढ्यात फोन वाजला.

'मागच्या गेटवर पोहोचले. येथे मळक्या चादरी भरण्याचा ट्रक आहे. ती आपली गाडी आहे का?'

बाई चिडलेली नव्हती. चौकशीच करत होती. त्याला तेच जास्त झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान ओळखीचं वाटलं असतं.

'दरवानाने हटवलं. शेजारच्या पेट्रोल पंपावर थांबलोय. दोनच मिनिटं.'

'येते. कृपया ठिकाण पाठवा.'

आता आली का पंचाईत! आपण आहोत ते ठिकाण पाठवावं, तर नकाशावर थेट सिग्नल दिसायचा. पण आलोच काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. नकाशावर बोट सरकवत त्याने पेट्रोल पंप शोधला, बरोबर हवा भरायच्या यंत्रापाशी खूण टेकवली आणि पाठवून दिली. मनात म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची.

सिग्नल सुटला, पुढचा लागला, आणि मूठ उघडली.

'मी आपल्या खुणेवरच उभी आहे. पायाखालीही पाहिले. आपण नाहीत.'

अखेर तो पंपावर पोहोचला तेव्हा निळ्या कोटातली बाई हवा भरायच्या यंत्राशेजारी बॅग धरून उभी होती. केस पांढरे, पाठ ताठ. आलोचने ट्रॅफिकबद्दल, दरवानाबद्दल आणि एकंदर जमान्याबद्दल फोनला पुष्कळ काही सांगितलं, फोनने ते तिला सांगितलं. तिने मान डोलावली. कारखान्याच्या दारात माणसं घड्याळं बघत खोळंबली होती. उतरताना तिने एवढंच विचारलं, उद्या सकाळी हीच वेळ का? बाई मनावर घेत नाही, असं समजून आलोच घरी शीळ घालत आला.

रात्री साडूचा फोन आला तेव्हा शीळ बंद झाली.

"हॉटेलला प्रदक्षिणा घातली रे तिने सकाळी! आम्ही काचेतून बघत होतो. उद्या तिचा शेवटचा दिवस. आमचे मोठे साहेब स्वतः गेटवर निरोप द्यायला येतायत. उद्या काही झालं तर मी तुला ओळखत नाही."

बायकोने फार बोल लावला नाही. सकाळी उजाडताच पांघरूण ओढलं, चहा हातात दिला आणि म्हणाली, "आज गेटवर जाऊन मग लिहा. लिहून मग जाऊ नका." मागच्या सीटला तिने स्वतःच्या हाताने धुतलेलं कव्हर घातलं.

आणि काय सांगावं, आलोच वेळेच्या पुष्कळ आधी हॉटेलच्या पोर्चमध्ये हजर झाला. दरवानाने दोनदा निरखून पाहिलं. त्याच्या मागे, पोर्चबाहेरच्या रांगेत, पहिली घुम्याची टॅक्सी होती. हा घुम्या कधी कुणाच्या निरोपाला उत्तर देत नसे. नुसता येऊन उभा राहायचा, म्हणून स्टँडवर त्याची टिंगल व्हायची.

आलोचने ताठ मानेने लिहिलं, 'गेटवर उभा आहे मॅडम.' आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य खरं होतं.

'धन्यवाद. छान,' उत्तर आलं.

बाई मात्र आली नाही. वाट बघून बघून तो आत साडूकडे गेला.

"मॅडम कुठायत?"

"नाश्ता चाललाय. दुसरी कॉफी मागवलीय."

"अरे, मी गेटवर आहे असं कळवलंय ना."

"म्हणून तर मागवली." साडूचा आवाज एकदम खाली आला. "काल रात्री तिने मला विचारलं, तुमचा ड्रायव्हर असं का लिहितो? आता तुझी बाजू नको का सांभाळायला? मी म्हटलं, मॅडम, माणूस वाईट नाही. आमच्याकडे 'गेटवर आहे' म्हणजे घरातून निघतोय. त्यात पंधरा-वीस मिनिटं तुम्ही आपली मिळवून घ्यायची. तिला फार पटलं. म्हणाली, हे आधीच सांगायचं."

"मग आता जाऊन सांग, खरंच आलोय म्हणून!"

साडू गेला आणि तोंड पाडून परत आला. "सांगितलं. हसली. म्हणाली, हो हो, गेटवर आहे, ठाऊक आहे मला."

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. पर्यटकांची बस आली होती. पोर्चचा नियम असा, की प्रवासी समोर नसेल तर गाडी हलवायची, आणि प्रवासी तर कॉफी पीत होती. दरवानाने आलोचला मागच्या गेटकडे पिटाळलं. मागे चादरींचा ट्रक लागत होता. ट्रकवाल्याने भोंगा वाजवून त्याला तिथूनही हुसकावलं. पुढे रस्ताभर थांबायला बंदी. थांबता येईल अशी एकच जागा उरली होती.

पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या यंत्रापाशी, आलोचने गाडी उभी केली. घामेजलेल्या बोटांनी लिहिलं, 'दरवानाने हटवलं. शेजारच्या पेट्रोल पंपावर थांबलोय.' पाठवल्यावर लिहिलेलं वाचून पाहिलं. यातला एक शब्दही कालच्यापेक्षा वेगळा नव्हता. त्याने घाईने ठिकाणही पाठवलं, या वेळी खरंखुरं, आपण उभे आहोत तिथलं. नकाशावर खूण उमटली, बरोबर कालच्याच जागी.

उत्तर यायच्या आधी साडूचा फोन आला.

"कुठे उलथलायस? बाई बाहेर आली, मोठे साहेब बाहेर आले, बस गेली, पोर्च मोकळा! घुम्या आपला पुढे सरकून उभा. साहेबांनी त्यालाच दार उघडायला लावलं, आणि वर म्हणाले, हा माणूस बरा आहे, जागेवर असतो, याचा नंबर घेऊन ठेव."

"अरे, मी पंपावर आहे."



"निदान मला तरी नको रे थापा मारूस," साडू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आलोचला रडू यायचं तेवढं बाकी होतं. खोटं बोललो तेव्हा बाई तीन ठिकाणी धावली आणि खरं बोललो तर सख्खा साडू विश्वास ठेवत नाही. कुणाला सांगायचं हे? बायकोला? तिने धुतलेलं कव्हर मागे तसंच होतं.

फोन थरथरला. बाईचा निरोप होता, नेहमीसारखाच शुद्ध आणि नम्र.

'काळजी नसावी. मी आपल्या गाडीतच बसले आहे. आपणच दिसत नाही.'

आणि बाई घुम्याच्या गाडीतून आपलीच थाप आपल्याला परत करतेय, हे कळत असूनही आलोचने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं.