पोस्टमधून काढलेली ओळ

कंपनी मोजमापाची लॅब बंद करणार हे त्याला कळलं तो मंगळवार होता. अकरा वाजता एचआरच्या बाईंनी वर बोलावलं तेव्हा त्याच्या हातात तपासायला आलेला, घड्याळासारख्या तबकडीचा एक डायल गेज होता, आणि तो तसाच हातात घेऊन तो जिना चढला. बाई नीट बोलल्या. यापुढे कॅलिब्रेशन, म्हणजे साधनांची तपासणी, बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यायचं ठरलंय, तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही, लॅपटॉप जेवणाच्या सुट्टीआधी जमा करा. तो म्हणाला, "ह्याचं एक रीडिंग राहिलंय." बाई गेजकडे बघत राहिल्या. त्यांना ते काय आहे हेही माहीत नव्हतं.

तो खाली आला, राहिलेलं रीडिंग घेतलं, सही केली आणि मग लॅपटॉप दिला.

बावीस वर्षं तो त्या खोलीत होता. खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. कारखान्यातली मोजायची सगळी साधनं तिथे यायची आणि ती खरं बोलतात की खोटं हे तो सांगायचा. केसाच्या जाडीचा फरकही सोडायचा नाही, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे. नवीन पोरांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. साधन आलं की आधी आहे तसं मोजायचं आणि लिहायचं. दुरुस्ती नंतर. आलं तेव्हा ते किती चुकत होतं हा आकडा कधी पुसायचा नाही. लिहिताना चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख. खाडाखोड करणाऱ्याला तो लॅबच्या बाहेर उभा करायचा.

घरी आला तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून कामात होती. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. अशी काही बातमी असली की आधी तिथे सांगायची ही जुनी सवय. बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते. ओट्यावर काही नव्हतं. तो परत फिरला आणि मुलीला सांगितलं.

तिने हेडफोन काढला. "मावशीला फोन करू?"

"कर."

मावशी म्हणजे त्याची मेहुणी. कंपन्यांना माणसं शोधून देणं हाच तिचा धंदा. दिवसभर लिंक्डइनवर बसून ती लोकांचे प्रोफाइल चाळायची. शनिवारी सकाळी ती आली आणि चपला काढता काढताच सुरू झाली.

"भावोजी, नीट ऐका. पोस्टमध्ये रडगाणं नको. जुन्या कंपनीला शिव्या नकोत. आणि 'कुठलंही काम चालेल' असं तर चुकूनही लिहायचं नाही. ज्याला कुठलंही चालतं त्याला कुणी काहीच देत नाही. काय येतं, काय हवं, कुठे हवं, कधीपासून. संपलं."

"आणि हे फोटोभोवतीचं 'काम हवंय'वालं हिरवं कडं?"

"ते तुमच्या मनावर. नाहीतर नुसतं माझ्यासारख्यांनाच दिसेल असं ठेवता येतं."

"तसं ठेव. कपाळावर पाटी कशाला?"

त्याने आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलेला मजकूर तिच्यापुढे केला. वय बावन्न. अनुभव बावीस वर्षं. चष्मा आहे. संगणकावर टायपिंग हळू.

मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, ही पोस्ट आहे की पंचनामा?"

"आहे तसं लिहिलंय."

"उद्या वजन पण लिहाल!"

मेहुणी हसली, पेन घेतलं आणि अर्धं खोडलं. मग तिचा हात थांबला. शेवटून दुसरी ओळ अशी होती: 'मागच्या वर्षी माझी पत्नी गेली, तिच्या आजारपणात मी पाच महिने कामावर नव्हतो.'

"हे काढा."

"का? पाच महिन्यांची रजा आहे. कुणीतरी विचारणारच. मग मीच आधी सांगितलेलं काय वाईट?"

"विचारलं की सांगा. इथे नको. लोक नोकरीचं विसरतील आणि हळहळत बसतील." तिने पेन खाली ठेवलं. आवाज बदलला. "आणि भावोजी, ती माझी बहीण होती. तिच्या नावावर नोकरी मागायची नाही."

त्याने कागद स्वतःकडे ओढला. "मी मागत नाहीये. साधन कसं आलं ते लिहितोय. ते पाच महिने सोडून मी कोण आहे ते मला सांगता येत नाही."

"पोस्ट तुमची आहे," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून ती निघाली.

तो पत्र लिहायचा तेव्हा बायको ते आधी वाचायची. बोलायची काही नाही, नको त्या ओळीवर नुसतं बोट ठेवायची. आता बोट ठेवणारं कुणी नव्हतं. ओळ ठेवावी की काढावी याचा निकाल त्यालाच लावायचा होता, आणि त्याने ठेवली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पोस्ट टाकली. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस जणांनी खाली लिहिलं होतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'शब्द नाहीत.' 'काळजी घ्या.' जुने सहकारी, माल पुरवणारे, कधीतरी ऑडिटला आलेली माणसं, आणि कितीतरी अगदी अनोळखी. कामाचं एकानेही विचारलं नाही. कुठे राहता, किती दिवसांत येऊ शकाल, कुठली साधनं हाताळलीत, काही नाही. तो एकेक वाचत गेला आणि कानशिलं तापत गेली. मेहुणी म्हणाली होती तेच झालं होतं. आपण बायकोला पुढे करून दारोदार हात पसरला, असं त्याला वाटलं.

मंगळवारी सकाळी मुलगी उठायच्या आधी त्याने पोस्ट उघडली, संपादन दाबलं, ती ओळ पुसली आणि जतन केली. अर्ध्या मिनिटाचं काम. रेघ नाही, सही नाही, तारीख नाही. पोस्टच्या वर, नावाखाली, बारीक अक्षरांत 'संपादित' एवढंच आलं. त्याला हलकं वाटलं. कुणाला काही सांगितलं नाही.

खालचं सगळं मात्र तसंच राहिलं. त्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

गुरुवारी दुपारी मुलीने टेबलावरूनच हाक मारली. "बाबा, इकडे या. आधी बसा."

"काय झालं?"

"तुम्ही गेलात."

"कुठे?"

"वर." तिने स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. वर त्याचा फोटो, लॅबच्या पांढऱ्या कोटातला. त्याखाली बावीस वर्षांचा अनुभव. आणि त्याखाली एकामागून एक श्रद्धांजली. मंगळवारपासून जे नवीन आले होते त्यांनी वरचं वाचलं, खालचं वाचलं आणि जो अर्थ लावायचा तो लावला. एकाने लिहिलं होतं, 'नोकरी गेल्याच्या धक्क्याने? कंपन्यांना काही माणुसकी आहे की नाही!' त्याला सत्तर जणांनी दुजोरा दिला होता.

मुलीला हसू येत होतं, डोळ्यांत पाणीही येत होतं. "आईची ओळ कुठे गेली?"

"मी काढली."

तिचं हसू थांबलं. तिने खाली सरकवून एक मोठी प्रतिक्रिया दाखवली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक स्वतंत्र कॅलिब्रेशन लॅब होती, तिच्या प्रमुखाची. बुधवारी दुपारी लिहिलेली. 'ऑडिटला गेलो की मी या माणसाची रजिस्टरं आधी बघायचो. बावीस वर्षांत एक खाडाखोड सापडली नाही. मायक्रॉन, तुमच्यासारखा माणूस आता मिळायचा नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग फोन उचलला. नंबर होता.

"मी बोलतोय. मायक्रॉन."

पलीकडचा आवाज चढला. "ही काय थट्टा आहे? कोण बोलतंय?"

"मीच. जिवंत आहे. गेली ती माझी बायको, मागच्या वर्षी. ती ओळ पोस्टमध्ये होती, मी नंतर काढली."

"अरे देवा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी तर काल स्टाफला दोन मिनिटं उभं केलं तुमच्यासाठी."

"आभार," तो म्हणाला.

प्रमुख हसले, मग हसणं मध्येच सोडून दिलं. "मायक्रॉनराव, काल सकाळी मी तुम्हाला फोनच करणार होतो. सर्टिफिकेटवर सही करायला माणूस हवा होता मला. तुमच्या पोस्टचं कुणीतरी सांगितलं म्हणून उघडली, तर खाली हे सगळं. मग दुसऱ्याला बोलावलं. आज सकाळी त्याला शब्द दिला."

"दिलाय म्हणजे दिलाय."

"हो." मग त्यांनी विचारलं, "पण काढलीत का ती ओळ? आलं तसं लिहायचं, ते पुसायचं नाही, हे तुम्हीच ऑडिटला आलेल्या माझ्या पोरांना सांगितलंय. मी तिथे उभा होतो."

लाज वाटली म्हणून काढली, हे सांगता आलं असतं. पण कसली लाज, ते सांगता आलं नसतं.

"पुढे काही निघालं तर कळवतो," प्रमुख म्हणाले, आणि ते खरंच कळवतील असं त्याला वाटलं.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. तिनेही सगळं पाहिलं होतं. "मी ती ओळ टाकू नका म्हटलं होतं भावोजी. टाकल्यावर काढा असं नव्हतं म्हटलं."

"माहितीये."

"मी सोमवारी ती ओळ वाचली. चार वेळा. वाईट नव्हती. मला उगाच राग आला होता."

"तुझं बरोबरच निघालं ना. कुणी कामाचं विचारलं नाही."

"एका दिवसात कोण विचारतं? आधी लोक हळहळतात, मग दोन दिवसांनी त्यांना आठवतं की ह्याला काम हवंय. दोन दिवस थांबायचं असतं. तेवढं सांगायचं मी विसरले. रागात गेले ना." नाक ओढल्याचा आवाज आला. "आता नवीन पोस्ट टाका. मी बघते हवं तर."

"नवीन नको. ह्याच पोस्टखाली लिहितो."

शनिवारी सकाळी तो टेबलाशी बसला. मुलगी शेजारी बसली, पण तिने कीबोर्डला हात लावला नाही. त्याने एका बोटाने लिहिलं: 'मंगळवारी मी या पोस्टमधली एक ओळ न सांगता काढली. ती अशी होती: मागच्या वर्षी माझी पत्नी गेली, तिच्या आजारपणात मी पाच महिने कामावर नव्हतो. ओळ खरी आहे. काढणं ही माझी चूक. मी ठीक आहे आणि काम करायला तयार आहे.' खाली नाव आणि तारीख.

"'ठीक आहे' बरोबर आहे का?" मुलीने विचारलं.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग 'मी ठीक आहे आणि' एवढे शब्द काढले. हे अजून पाठवलं नव्हतं, त्यामुळे चालत होतं.

मग पाठवलं.

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले. दोन ठिकाणी बोलणं झालं, एका ठिकाणी वय आड आलं, दुसऱ्या ठिकाणचं काही कळलेलं नाही. पोस्टखाली दोनशे सहा जणांनी लिहिलं आहे. ज्यांनी बायकोसाठी लिहिलं आणि ज्यांनी त्याच्यासाठी, त्या सगळ्यांना उत्तर द्यायचं त्याने ठरवलं आहे. अकरा जणांना देऊन झालं. बाकीच्यांना द्यायचं राहिलं आहे, आणि नोकरी अजून मिळालेली नाही.