ईशान्येचं दुकान

वनजाक्षी त्या दिवशी सकाळी देवापुढे निरांजन लावूनच घराबाहेर पडली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत हळदकुंकू लावलेलं पाकीट, पाकिटात दहा हजारांचा विसार. शनिवारी अमावास्या. त्यानंतर आषाढ लागला की म्हैसुरात नव्या जागेत कुणी पाऊल टाकत नाही, आणि जुन्या गाळ्याचा मालक तर श्रावणापर्यंत थांबणारच नव्हता. त्याने गाळा विकला होता. वीस वर्षं तिथे चकली, कोडबळे, निप्पट्टू असा फराळ विकणाऱ्या वनजाक्षीच्या हाती आता दोनच दिवस होते.

दलाल नंजुंडा फाटकापाशीच उभा होता. "अक्का, मास्तर सरळ माणूस आहेत. फक्त वाद घालू नका."

"मी कधी वाद घातलाय?" वनजाक्षी हळू आवाजात म्हणाली.

"वाद नाही हो, तुम्ही प्रश्न विचारता. त्याचंच भय."

शिवरुद्रप्पा मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं घर उत्तरेकडच्या रस्त्याला तोंड करून. घराच्या दर्शनी बाजूला दोन खोल्या होत्या. ईशान्येची बारा फुटांची, शटर लावलेली, भाड्याने द्यायची. वायव्येची नऊ फुटांची, तिच्यात त्यांची जुनी फियाट. रिकाम्या गाळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तरांच्या बायकोने, ललितम्मांनी, कॉफी आणली. वनजाक्षीने गुरुवारचा उपास सांगितला, आणि ललितम्मांनी न बोलता पेला बदलून नुसतं दूध दिलं.

"विचारा," मास्तर म्हणाले.

"पाटीचं आधी. सासऱ्यांच्या हातची पत्र्याची पाटी आहे. दहा फूट. शटरच्या वर बसेल?"

"बसेल. नियमाने कन्नड अक्षरं साठ टक्के हवीत."

"सगळीच कन्नड आहे."

"मग उत्तम. पण शटरच्या चौकटीबाहेर एक बोटभरही नाही. कुंपणावर नाही, फाटकावर नाही. पालिकेचं पाटीचं शुल्क तुमचं."

"हे करारात लिहायचं, मास्तर. पाटी कुठे, केवढी, आणि जाताना मी ती काढून नेणार."

नंजुंडाने छताकडे बघितलं.

"दुसरं, वापर. नुसतं 'दुकान' नको. 'फराळाचे पदार्थ करणे व विकणे, एक शेगडी' असं लिहा. नाहीतर कढई चढली की वरच्या भाडेकरूला धूर आठवतो."

"शाकाहारीच ना?" मास्तरांनी विचारलं, आणि स्वतःच हसले. "बरं, लिहू. अनामत दहा महिन्यांची, नव्वद हजार. बिनव्याजी. जागा सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापून बाकी परत. पहिले अकरा महिने मध्येच सोडलंत तर काही परत नाही."

"कबूल. फक्त एक ओळ वाढवा. पालिकेने धंद्याचा परवाना या जागेमुळे नाकारला, तर सगळी अनामत परत."

मास्तरांचा चेहरा आक्रसला. "परवाना का नाकारतील? आधीचा झेरॉक्सवाला यतीशही हेच सांगून पळाला. परवाना मिळत नाही म्हणे! बहाणा होता नुसता. सहा महिन्यांत गेला. नियमाप्रमाणे त्याची अनामत मी ठेवून घेतली."

वनजाक्षीने दुधाचा पेला खाली ठेवला. आवाज अजून तसाच मऊ. "पालिकेने का नाकारला, ते त्याने सांगितलं होतं?"

"म्हणाला, नकाशात बसत नाही. मला शिकवतोय! हे घर माझ्या डोळ्यांसमोर बांधलंय."

"मग नकाशा बघू या का? परवान्याचा माणूस येईल तेव्हा तोच मागेल."

"अक्का..." नंजुंडा कळवळला.

पण ललितम्मा केव्हाच आत गेल्या होत्या. पत्र्याच्या नळकांड्यातून त्यांनी पिवळा पडलेला नकाशा आणला आणि चारी कोपऱ्यांवर कॉफीचे पेले ठेवले. पालिकेचा शिक्का ठसठशीत होता. वनजाक्षीने उत्तरेचा बाण शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि बोट हळूहळू ईशान्येकडे नेलं.

तिथे लिहिलं होतं: वाहनतळ.

रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती. वायव्येच्या चौकोनात लिहिलं होतं: दुकान.

"उलटा धरलाय," मास्तर पुटपुटले.

"उलटा धरला असता तर स्वयंपाकघर रस्त्यावर आलं असतं," ललितम्मा म्हणाल्या. "वास्तूवाला आठवतो? ईशान्य देवाची, तिथे लोखंड नको, गाडी वायव्येला न्या, म्हणाला. तुम्ही गाडी तिकडे नेलीत आणि या खोलीला शटर लावलंत. कागदाला कुणी सांगितलं?"

मास्तर खुर्चीत बसले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून छडी दाखवली होती. "म्हणजे मी गाडीच्या जागेचं भाडं घेतलं," ते म्हणाले. "दुकान म्हणून. आणि तो पोरगा खरं बोलत होता."

वनजाक्षीने पिशवीतलं पाकीट घट्ट धरलं. जागा गेली. शनिवारी अमावास्या. या ईशान्येच्या गाळ्यात तिला परवाना कधीच मिळणार नव्हता, आणि परवान्याशिवाय कढई चढवायची नाही हे तिने स्वतःशी केव्हाच ठरवलं होतं. ती उठली. "येते, मास्तर."

"थांबा." मास्तरांनी वायव्येकडे बोट केलं. "दुकान त्या खोलीत आहे. गाडी बाहेर काढली तर?"

"गाडी परत ईशान्येला?" नंजुंडाने डोळे विस्फारले.

"देवाला माझ्या फियाटचं ओझं होणार नाही," मास्तर म्हणाले, पण पटल्यासारखे नव्हे. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"उगादीच्या पाडव्यापासून ती जागची हललेली नाही," ललितम्मा म्हणाल्या. "तिला कुठली दिशा?"

टायर बसले होते. शेजाऱ्याकडून पंप आणला, हवा भरली, गाळ्यातल्या खुर्च्या बाहेर काढल्या. मग ढकलायला नंजुंडा आणि मास्तर, ललितम्मा स्टिअरिंगवर. गाडी कण्हत बाहेर आली आणि ईशान्येच्या शटरखाली शिरली. वायव्येच्या फरशीवर तेलाचा काळा डाग राहिला. वनजाक्षीने पावलांनी दर्शनी भाग मोजला. नऊ फूट.

"पाटी दहाची आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी श्वास घेतला. एक बोटभरही नाही म्हणणारा तो माणूस. "फूटभर फाटकावर येऊ दे. लिहून देतो. आणि परवान्याची तुमची ओळही."

तिने पाकीट पुढे केलं. मास्तरांनी हात मागे घेतला.

"आधी एक फोन."

त्यांनी डायरीतून नंबर शोधला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"यतीश, मी शिवरुद्रप्पा." मग सरळ मुद्द्यावर येत ते म्हणाले, "तुझी अनामत माझ्याकडे आहे, ती घेऊन जा. तू बरोबर होतास. मी नकाशा आज वाचला."

पलीकडचं उत्तर कुणाला ऐकू आलं नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावरून मात्र कळलं की ते गोड नव्हतं. ते नुसते "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, वनजाक्षीने डागावर चुना टाकून तो घासला. तो पुरता गेला नाही. त्यावरच तिने शेगडी ठेवली आणि शकुनाचं म्हणून नव्या भांड्यातलं दूध उतू जाऊ दिलं. दूध पूर्वेकडे सांडलं. तिने हात जोडले. बाहेर नंजुंडा शिडीवर चढून पाटी बसवत होता, आणि खालून मास्तर टेप घेऊन ओरडत होते, "फूटभरच रे! त्याहून जास्त नाही!"