लिंपणाचे बारा रुपये

जिनपाल शेठने चारशे रुपये मोजून गादीच्या कडेला ठेवले आणि त्यांवर पितळी अडकित्ता ठेवला.

"कायद्यानं मी काही देणं लागत न्हाई, आकाराम. पाऊस देवाचा, पेव जमिनीतलं. पण दोन वर्षं तुमची हळद माझ्याकडं हुती. माणुसकी म्हणून घ्या."

आकारामने पैशाला हात लावला नाही. मागे दाराशी त्याची भावजय साळूबाई बसली होती. हळद तिची. नवरा गेल्यावर तिने रान पिकवले, हळद शिजवून वाळवली आणि दिराच्या शब्दावर चाळीस पोती कोरेगावकडून सांगलीला आणली. भाव चढेपर्यंत पेवात ठेवू, हा सल्ला आकारामचा. आता भाव चढला होता, आणि साळूबाईच्या थोरल्या मुलीच्या, लीलाच्या, कमरेच्या ऑपरेशनला मिरजेच्या डॉक्टरांनी अडीच हजार सांगितले होते. पोरगी तीन महिने अंथरुणाला होती. उशीर झाला तर पाय कायमचा जाईल, असे डॉक्टर म्हणाले होते.

चार दिवसांपूर्वी पेव उघडले, तेव्हाच वास आला होता. जमिनीतल्या त्या खोल खड्ड्याच्या तोंडावरची माती काढून दिवसभर पेव तसेच मोकळे ठेवले, मग मुकादम कोंडीबाने कंदील दोरीने खाली सोडला. ज्योत विझली नाही, तेव्हा हमाल आत उतरले. एका अंगाने पाणी झिरपत गेले होते आणि त्या बाजूची हळद काळी, बुळबुळीत झाली होती. उरलेली विकून जे पैसे आले, ते सगळे दोन वर्षांच्या कर्जात गेले होते.

"चारशेत तर लीलाचा पाय बी खाटंवरून खाली येत न्हाई," साळूबाई दारातून म्हणाली.

"वहिनी, जरा थांबा." आकारामने खिशातून घडी घातलेला कागद काढला. साखर कारखान्याच्या काट्यावर तो बारा वर्षे उसाच्या गाड्या मोजत होता. भांडण करायचे तर आकड्यात करायचे, ही त्याला तिथली सवय. "शेठ, माणुसकी नको. नुकसान किती ते बघू. चूक असंल तितं खोडा."

शेठ हसला. "नुकसान? अरे, चोवीस क्विंटल ठेवलीत, आणि निघाली साडेपंचवीस. पेवात हळदीचं वजन चढतं, हे सांगलीत पोरासोरांना ठाऊक हाय. तुमाला तर दीड क्विंटल फुकट मिळाली!"

गादीवरचा दिवाणजी फिस्सकन हसला.

"वजन हळदीचं न्हाई, पाण्याचं," आकाराम म्हणाला. "भिजलेला माल काट्यावर घालून कोन मोजतंय? ठेवली चोवीस. त्यातली चांगली निघाली पंधरा क्विंटल साठ किलो. गेली आठ क्विंटल चाळीस. ह्यो आकडा मान्य हाय का?"

शेठने वखारीच्या वहीत पाहिले. आकडे त्याच्याच माणसाने लिहिले होते. "बरं."

"सौद्याचा भाव परवा क्विंटलला चारशे वीस. पस्तीसशे अठ्ठावीस झाले. भिजलेली वाळवून पाच क्विंटल हाताला लागली, ती दीडशेनं गेली. साडेसातशे आले, ते वजा."

"ते बी वजा केलंस?"

"आले तर वजा करायलाच पायजेत. राहिले सत्तावीसशे अठ्ठ्याहत्तर. वाळवायला चार बाया, तीन दिवस, तीन रुपयानं छत्तीस. खराब झालेल्या चौदा पोत्यांचं दोन वर्षांचं भाडं छप्पन, हे दोन्ही मिळवले. पेवाच्या बुडाला अर्धं पोतं कायम खराब निघतं, ते तुमच्या माथी मारत न्हाई. त्याचे एकशे सव्वीस कमी केले. आमचं एसटीचं भाडं धरलं न्हाई."

दिवाणजी आता हसत नव्हता. तो बोटाने दौतीचे झाकण फिरवत आकडे मनात घोळवत होता.

"आणि चांगल्या मालाला वास लागला, म्हणून क्विंटलला पंधरा रुपये कमी आले. दोनशे चौतीस."

"ते खोड," शेठ म्हणाला. "घेणाऱ्याच्या नाकाचा जिम्मा माझा न्हाई."

आकारामने क्षणभर विचार केला आणि ती ओळ खोडली. ती टिकणार नाही, हे त्याला येतानाच माहीत होते. पण कागदावर अजून एक ओळ होती.

"आणि बारा रुपये लिंपणाचे."

"कसलं लिंपण?"

"दर साल पावसाच्या आधी पेवाच्या तोंडावर माती चढवून शेणकाला फिरवायचा. त्याचे बारा तुमी दुसऱ्या वर्षी बी घेतले. ही पावती. पेव उघडलं तवा लिंपणाचा एकच थर निघाला. पाणी तिथनं आलं. म्हंजे नुसता पाऊस न्हाई, शेठ."

हा थर त्याला कोंडीबाने दाखवला होता. पेवाच्या तोंडाशी, इतर हमाल लांब असताना. "मी दोनदा माती मागितली, आण्णा," तो म्हणाला होता. "शेठनं दोन्ही गाड्या सोताच्या मालाच्या पेवांवर वळवल्या. पर माजं नाव घिऊ नगा." आकारामने नाव घेतले नव्हते. फक्त बारा रुपये लिहिले होते.

शेठने पावती हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग हाक मारली, "कोंडीबा!"

कोंडीबा आत आला आणि पागोट्याचा शेव खांद्यावर घेत उभा राहिला.

"गेल्या पावसाआधी या पेवाला लिंपण केलं का न्हाई?"

कोंडीबाने शेठकडे पाहिले, आकारामकडे पाहिले. वखारीत त्याचे दोन मुलगेही हमाली करत होते.

"न्हाई केलं."

"का?"

कोंडीबाने खांद्यावरचा शेव पुन्हा सारखा केला.

"झालं तर," शेठ म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "चूक आमच्या माणसाची हाय, तर आमी भरू. दिवाणजी, किती?"

"सत्तावीसशे छप्पन."

"पावती लिहा. मुकादमाच्या हयगयीमुळं झालेली नुकसानभरपाई पूर्ण पोचली, पुढं काही तक्रार न्हाई. रक्कम मुकादमाच्या हमालीतनं दर हप्त्याला वळती करून घ्या. आणि मुकादमी उद्यापासनं धुळा हमालाकडं."

दिवाणजीने लिहिले. आकाराम पुढे सरकला. आता बोलायचे तर कोंडीबाने सांगितलेलेच बोलावे लागणार, आणि कोंडीबा त्याच्याकडे बघून हलकेच मान हलवत होता. नको, असेच तो म्हणत होता. मुकादमी गेली तरी मुलांची हमाली राहील.

"शेठ, पावतीवर कारण लिहायचं काय काम?" आकाराम म्हणाला. "पैसे पोचले एवढंच लिहा."

"कारणाशिवाय मी कशाला पैसे दिऊ? कारण तूच काढलंस की. बारा रुपयांचं." शेठने अडकित्ता उचलून चारशेवर आणखी नोटा ठेवल्या. "सही कर. न्हाईतर हे चारशे हैतच."

दारातून साळूबाई म्हणाली, "भावजी, करा की सही. कशाची वाट बगताय?"

आकारामने सही केली. तिच्या अंगठ्याला शाई लावून तो पावतीवर टेकवताना त्याने डोके वर उचलले नाही.

ते बाहेर आले तेव्हा कोंडीबा रिकामी पोती झटकत होता. पिवळी धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. त्याने रामराम केला, नेहमीसारखा.

स्टँडवर साळूबाईने नोटांची गाठ कमरेला घट्ट मारली आणि वर पदर खोचला. मिरजेची गाडी लागायची होती.

"भावजी, त्यो मुकादम त्या दिवशी पेवापाशी तुमच्या कानात काय सांगत हुता?"

"काय न्हाई," आकाराम म्हणाला. "विडी मागत हुता."